घोरणं थांबतं तेव्हा हृदयावर काय गुदरतं

शेजारी झोपलेल्या माणसाचं घोरणं अचानक बंद पडलं की घरच्यांना हायसं वाटतं. खरं तर तीच शांतता कान देऊन ऐकायला हवी. घोरण्याचा आवाज येतोय म्हणजे वाट अरुंद आहे, पण हवा आत जाते आहे. आवाज थांबला, पोट मात्र वरखाली होत राहिलं आणि वीस-तीस सेकंदांनी घुसमटल्यासारखा मोठा श्वास घेऊन पुन्हा घोरणं सुरू झालं, तर मधल्या वेळात वाट पूर्ण बंद होती. झोपेत श्वास असा निदान १० सेकंद बंद पडला, तर त्याला अ‍ॅप्निया म्हणतात.

वाट बंद होते ती पडजिभेच्या आणि जिभेच्या मागे. श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्या असतात, घशाच्या या भागाला तसा आधार नाही. तो उघडा राहतो तो स्नायूंच्या जोरावर, आणि झोपेत स्नायू सैल पडतात. गळ्यात चरबी जास्त असेल तर नळी आणखी दबते. जबडा लहान किंवा मागे सरकलेला असेल, तर अंगाने सडपातळ माणसालाही हा त्रास होतो. म्हणून ‘मी कुठे जाड आहे’ एवढ्यावर विषय सोडून देऊ नये.

आता एकच अ‍ॅप्निया घेऊ, साधारण ४० सेकंदांचा.

पहिल्या काही सेकंदांत शरीराला फारसं कळत नाही. छातीत शिल्लक हवा असते, तिच्यातून रक्त ऑक्सिजन घेत राहतं. मग ऑक्सिजन उतरू लागतो, कार्बन डायऑक्साइड साचू लागतो. मानेतल्या मोठ्या धमनीला जिथे फाटा फुटतो, तिथे तांदळाच्या दाण्याएवढा एक अवयव असतो, कॅरोटिड बॉडी. रक्तातल्या ऑक्सिजनवर त्याची नजर असते. तो मेंदूला इशारा देतो, आणि मेंदू सिम्पथेटिक मज्जातंतूंमधून सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्या आवळू लागतो. संकटात सापडलेल्या माणसाचं शरीर जे करतं तेच इथे होतं, फक्त माणूस झोपेत असतो.

त्याच वेळी छाती बंद दारावर ओढ काढत असते. साध्या श्वासात छातीच्या पोकळीतला दाब पाण्याच्या ५ ते ८ सेंटिमीटरइतका उणे असतो. घसा बंद असताना श्वास ओढला की तो उणे ५०-६० पर्यंतही जातो. या ओढीत हृदयही सापडतं. बाहेरून त्याच्या भिंती ताणल्या जातात, त्यामुळे डाव्या कप्प्याला आकुंचन पावताना रक्तदाबाशी झुंजावं लागतं आणि या ताणाशीही. शिवाय शिरांमधलं जास्त रक्त उजव्या बाजूला ओढलं जातं, मधला पडदा डावीकडे सरकतो आणि डाव्या कप्प्यात भरायला जागा कमी उरते. वरच्या दोन कप्प्यांच्या, म्हणजे कर्णिकांच्या, भिंती पातळ असतात. त्या सर्वांत जास्त ताणल्या जातात. ताणलेली कर्णिका एक संप्रेरक सोडते, आणि त्यामुळे लघवी जास्त तयार होते. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं म्हणून प्रोस्टेटची तपासणी करत बसलेल्या कितीतरी जणांचं खरं कारण घशात असतं.

चाळिसाव्या सेकंदाच्या आसपास मेंदू क्षणभर जागा होतो. घशाचे स्नायू ताठ होतात आणि हवा आत घुसते. सर्वांत मोठा घाव बसतो तो इथे. श्वास थांबलेला असताना हृदयातून रक्त कमी बाहेर पडत होतं. श्वास परतताच ते पूर्ण जोराने बाहेर पडतं, आणि पुढे रक्तवाहिन्या अजून आवळलेल्याच असतात. रक्तदाब एकदम उसळतो. विरेंद सोमर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये अशा १० रुग्णांच्या पायातल्या मज्जातंतूत बारीक सुई ठेवून झोपेतले सिम्पथेटिक संदेश मोजले. जागेपणी सरासरी ९२ असलेला रक्तदाब स्वप्नांच्या झोपेतल्या अ‍ॅप्नियानंतर सरासरी १२७ पर्यंत चढला. हा आकडा वरचा किंवा खालचा नाही, दोन्हींमधला, खालच्याच्या जवळचा आहे, हे लक्षात घेतलं की चढ किती मोठा आहे ते कळतं.

घरी पल्स ऑक्सिमीटर लावून बघणाऱ्यांनी एक गोष्ट जाणून घ्यावी. बोटावर सर्वांत कमी आकडा दिसतो तो श्वास सुरू झाल्यानंतर. फुफ्फुसातलं रक्त बोटापर्यंत पोहोचायला काही सेकंद लागतात. त्यामुळे श्वास चालू आहे आणि आकडा मात्र पडतोय, हे पाहून यंत्र बिघडलं असं समजू नये.

असे झटके तासाला तीस-चाळीस बसले, तर रात्रीचा विसावाच संपतो. एरवी झोपेत रक्तदाब दिवसापेक्षा १० ते २० टक्के उतरतो. अ‍ॅप्नियात तो उतरत नाही, कधी उलट चढतो. आणि हे सकाळी आवरत नाही. पुन्हा पुन्हा ऑक्सिजन पडल्यामुळे कॅरोटिड बॉडी हळवी होते आणि दिवसा ऑक्सिजन व्यवस्थित असतानाही इशारे देत राहते. मूत्रपिंडाची मीठ-पाणी धरून ठेवणारी यंत्रणाही चेतती ठेवली जाते. त्यामुळे रात्रीचा आजार दिवसाचा रक्तदाब होऊन बसतो. तीन औषधं पूर्ण मात्रेत, त्यांतलं एक लघवीचं, घेऊनही बीपी आटोक्यात येत नसेल, तर चौथी गोळी लिहिण्याआधी झोपेची चौकशी व्हायलाच हवी.

ठोक्यांचं गणित जरा वेगळं आहे. ऑक्सिजन कमी आणि फुफ्फुसं हलत नाहीत, अशी स्थिती आली की शरीराला आपण पाण्याखाली आहोत असं वाटतं. बुडी मारल्यावर होतं तसं व्हेगस नस हृदयाची गती उतरवते. श्वास परतला की व्हेगस सोडून देते, सिम्पथेटिक ताबा घेते आणि गती उसळते. होल्टर, म्हणजे अंगावर लावून ठोके सतत नोंदवणारं यंत्र, त्याचा रात्रभराचा आलेख त्यामुळे करवतीच्या दात्यांसारखा दिसतो: हळू, जलद, हळू, जलद. काहींच्या बाबतीत हृदय मधेच तीन-चार सेकंद थांबतंही. १९८३ मध्ये क्रिश्चन गिलेमिनो यांनी ४०० रुग्णांच्या रात्रीच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. जवळजवळ निम्म्यांच्या ठोक्यांत बिघाड होता.

इथे एक चूक घडू शकते. होल्टरवर रात्रीचा थांबा दिसला की पेसमेकरचा विषय निघतो. पण थांबे फक्त झोपेत येत असतील, दिवसा चक्कर किंवा शुद्ध हरपणं नसेल, तर आधी झोपेची तपासणी करून घ्यावी. अमेरिकन हृदयरोग संघटनांच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेतही हेच सांगितलं आहे. घसा उघडा ठेवला की असे थांबे बहुतेकदा नाहीसे होतात.

एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे कर्णिकांची बेताल थरथर, याला तर अ‍ॅप्निया सगळं सामान पुरवतो. ताणलेली भिंत, व्हेगसमुळे स्नायूचा दोन ठोक्यांमधला विसावा आखूड, आणि त्यावर अ‍ॅड्रिनलिनचा मारा. वर्षानुवर्षं ताण बसून कर्णिका मोठी होते, स्नायूंत तंतू भरतात, आणि मग थरथर रात्रीपुरती राहत नाही.

एक उदाहरण मांडून पाहू. ५४ वर्षांचे गृहस्थ, मानेचा घेर ४३ सेंटिमीटर, बीपीच्या तीन गोळ्या चालू. संध्याकाळी दवाखान्यात १३८/८६, म्हणून सगळे निर्धास्त. सकाळी डोकं जड. २४ तासांचं बीपीचं यंत्र लावल्यावर दिवसाची सरासरी १४०/८६ आणि रात्रीची १४८/९०. होल्टरवर पहाटे चारला ३.२ सेकंदांचा थांबा. झोपेच्या तपासणीत ६ तासांत २२८ वेळा श्वास थांबला किंवा अपुरा पडला. २२८ भागिले ६, म्हणजे तासाला ३८. पाचच्या खाली असेल तर ठीक, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. म्हणजे हा तीव्र आजार.

हा भागाकार नीट बघावा. घरी करायच्या छोट्या तपासणीत मेंदूच्या लहरी बहुधा नोंदवत नाहीत, त्यामुळे यंत्र चालू असलेल्या एकूण तासांनी भागलं जातं. आठ तास यंत्र चालू, त्यांतले तीन तास माणूस जागाच, आणि नोंदी १००, तर अहवालात १२.५ येतील. खरा आकडा मात्र २०. लक्षणं ठळक आणि घरचा अहवाल सौम्य असेल, तर प्रयोगशाळेतली पूर्ण तपासणी करून घ्यावी.

उपचारात मुख्य यंत्र सीपॅप. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ते पुढे आणलं. मास्कमधून हवेचा ठरावीक दाब, पाण्याच्या ४ ते २० सेंटिमीटरच्या दरम्यान, सतत दिला जातो आणि त्या हवेवर घसा तोलून धरला जातो. पहिल्याच रात्री श्वास सुरळीत होतो. रक्तदाब मात्र सरासरी २ ते ३ अंकांनीच उतरतो, तीन गोळ्यांना न जुमानणाऱ्यांत थोडा जास्त. म्हणून सीपॅप लागला की गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

हृदयविकाराचे झटके त्याने टळतात का? २०१६ च्या सेव्ह चाचणीत, २,७०० हून अधिक हृदय-मेंदूविकाराच्या रुग्णांत, सीपॅपने ते कमी झाले नाहीत. पण मास्क सरासरी ३.३ तासच वापरला गेला होता, आणि दिवसा फार झोप येणारे रुग्ण चाचणीत घेतलेच नव्हते. फिब्रिलेशनबाबतही पुरावा दोन्ही बाजूंचा आहे. आमच्या मते यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते: तास महत्त्वाचे. स्वप्नांची झोप बहुतेक पहाटे असते आणि सर्वांत लांब अ‍ॅप्निया तिच्यातच होतात. अकराला मास्क लावून दोनला काढून ठेवला, तर नेमकी वाईट वेळ उघडी राहते.

मास्क काढला जातो तो बहुधा गळतीमुळे. डोळ्यांवर वारा येत असेल तर पट्टे आवळत बसू नये. अनेकदा मापच चुकलेलं असतं. सकाळी तोंड कोरडं पडत असेल तर हवा तोंडातून निसटते आहे, तेव्हा नाक-तोंड झाकणारा मास्क बघावा. हवा ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड पाणी, रोज बदललेलं. वीज जाणाऱ्या गावी यंत्र इन्व्हर्टरवर चालतं, फक्त ह्युमिडिफायर बंद ठेवावा, कारण बॅटरी तोच खातो.

वजन १० टक्के घटलं तर श्वास थांबण्याचं प्रमाण साधारण पावपट कमी होतं. दारू आणि काही झोपेच्या गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात आणि जाग यायला उशीर लावतात, म्हणजे ४० सेकंदांचा अ‍ॅप्निया ६० चा होऊ शकतो.

डॉक्टरांकडे जाण्याआधी घरच्यांनी पहाटे चार-पाचच्या सुमारास मोबाइलवर तीन मिनिटांचं चित्रीकरण करावं. चेहऱ्याबरोबर छाती आणि पोटही दिसू द्यावं. श्वास थांबलेला असताना पोट धडपडत असेल, तर घसा बंद आहे. छाती-पोट दोन्ही निश्चल असतील, तर मेंदूकडूनच आज्ञा येत नाही. हा मध्यवर्ती अ‍ॅप्निया, अशक्त हृदयाच्या रुग्णांत बराच दिसतो. नक्की निदान तपासणीतूनच होतं, पण हा फरक आधीच सांगितलेला बरा. २०१५ च्या एका मोठ्या चाचणीत अशक्त हृदय आणि मध्यवर्ती अ‍ॅप्निया असलेल्यांना एएसव्ही हे आपोआप जुळवून घेणारं यंत्र लावलं, तेव्हा हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढले. म्हणून अशा रुग्णाने इको करून हृदयाची पंपिंग क्षमता पाहिल्याशिवाय यंत्र विकत घेऊ नये.