दुकानाचा पॅकेज विमा घेताना भूकंप आणि दंगलीबद्दल नेमकं काय विचारायचं

दुकानदार फोनवर विचारतो, "साहेब, यात भूकंप आणि दंगल कव्हर आहे ना?" पलीकडून उत्तर येतं, "हो हो, सगळं आहे." पुढच्या अर्ध्या तासात हप्ता भरलेला असतो. दावे नाकारले जातात त्यातल्या बऱ्याच दाव्यांचं मूळ या दोन वाक्यांत असतं. "हो" हे उत्तर खोटं नसतं. ते अर्धं असतं, आणि अर्धं का आहे हे पॅकेज कसं बांधलेलं असतं ते पाहिल्यावर कळतं.

पॅकेज म्हणजे एकाच कागदात शिवलेल्या पाच-सहा पॉलिस्या. आगीचा विभाग, घरफोडीचा विभाग, रोख रकमेचा, काचेचा, निऑन पाटीचा, इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा. प्रत्येक विभागाची वगळणी वेगळी असते. भूकंप आणि दंगल साधारणपणे आगीच्या विभागात बसतात. एजंट "आहे" म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात हाच एक विभाग असतो.

एका कापड दुकानदाराचं प्रकरण सांगतो. बंदच्या दिवशी जमावाने त्याचं शटर तोडलं, काउंटर जाळलं आणि साड्यांचे गठ्ठे उचलून नेले. जळालेलं काउंटर आणि वाकलेलं शटर यांची नुकसानी मिळून ८० हजार होती, गेलेला माल ३ लाखांचा. कंपनीने ८० हजारांचा भाग मान्य केला. मालाबद्दल लिहिलं, की आगीच्या विभागात चोरी वगळलेली आहे. मग त्याने घरफोडीच्या विभागाखाली दावा टाकला. तिथून उत्तर आलं, की दंगलीच्या काळातली चोरी या विभागात वगळलेली आहे. दोन्ही उत्तरं पॉलिसीच्या शब्दांनुसार बरोबर होती. दोन विभागांच्या मधल्या फटीत त्याचे ३ लाख पडले, आणि ती फट विकत घेण्याआधी त्याला कुणी दाखवली नव्हती.

म्हणून पहिला प्रश्न असा, की आगीच्या विभागाची शब्दरचना कोणती आहे? १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने लहान व्यवसायांसाठी ठरवून दिलेली 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी आहे. एका जागेवरच्या मालमत्तेची एकूण किंमत ५ कोटींपर्यंत असेल तर तुम्ही तिला पात्र. त्यापुढे ५० कोटींपर्यंत 'लघु' नावाची पॉलिसी आहे. सूक्ष्ममध्ये भूकंप मूळ संरक्षणातच येतो, वेगळा घ्यावा लागत नाही. दंगल, संप, हेतुपुरस्सर नासधूस आणि दहशतवादी कृत्यही त्यात आहे. आणि वरच्या दुकानदाराला जे हवं होतं तेही, म्हणजे विम्यातल्या एखाद्या घटनेमुळे त्यानंतर ७ दिवसांत झालेली चोरी. मात्र दुकानाबाहेर ठेवलेला माल त्यात धरत नाहीत.

जुन्या धाटणीच्या आग विम्यात मात्र दंगल मूळ संरक्षणात असते आणि भूकंप जादा हप्त्याने जोडावा लागतो. तिथे हप्ता कमी करण्यासाठी दंगलीचं संरक्षण काढून टाकायचीही सोय राहिलेली आहे. "थोडं स्वस्तात बसवून देतो" असं कुणी म्हणालं तर काय काढलं ते विचारा.

भूकंपाबाबत लोक एक चूक नेहमी करतात. "आमच्याकडे कुठे भूकंप होतो?" म्हणून जोड घेत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा तो भाग तेव्हाच्या नकाशावर सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. जादा हप्त्याचा दर जागेच्या पट्ट्यावरून ठरतो, त्यामुळे विचारणा करताना पिनकोड दिल्याशिवाय भूकंपाचा आकडा नीट मिळत नाही. भाड्याच्या गाळ्यात असाल तर आणखी एक बघा. तुमची पॉलिसी माल आणि फर्निचरची असेल. इमारत कोसळून माल गाडला गेला तर मालाचे पैसे मिळतील, इमारतीचे नाही. ती मालकाची जबाबदारी, आणि बहुतेक मालकांनी विमा काढलेलाच नसतो.

आता विचारणेसाठी काय लागतं ते. शॉप अ‍ॅक्टची नोंदणी किंवा सूचनापत्राची प्रत, दुकानाचा पत्ता पिनकोडसह, बांधकाम आरसीसी की पत्र्याचं, मजला किंवा तळघर, धंद्याचा प्रकार, आणि मालाची व फर्निचरची अंदाजे रक्कम. अडतं ते दोन ठिकाणी. भाडेकरू असाल आणि करार तोंडी असेल तर जागेचा पुरावा मागितल्यावर गाडी थांबते. वीजबिल मालकाच्या नावावर असतं, म्हणून ते एकटं पुरत नाही. मालकाचं भाडं मिळत असल्याचं सहीचं पत्र आणि भाडं बँकेतून दिल्याची नोंद सोबत ठेवली तर बहुतेक वेळा काम होतं. दुसरं म्हणजे मालाची रक्कम. दिवाळीच्या आधीचा माल आणि आषाढातला माल यात दुप्पट-तिप्पट फरक असतो. ऑफिसात लोक आषाढातला आकडा सांगतात आणि नुकसान दिवाळीत होतं. मोठा आकडा सांगा.

विचारणा ईमेलने करा, व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर नाही. मजकूर साधारण असा असू द्या:

"माझ्या दुकानात माल १८ लाख आणि फर्निचर ४ लाख आहे. दुकान भाड्याचं, तळमजल्यावर. पिनकोड सोबत दिला आहे. कृपया कळवावे: आगीचा विभाग भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षेच्या शब्दरचनेवर आहे का? भूकंप मूळ संरक्षणात आहे की जादा हप्त्यावर? दंगलीत जमावाने नेलेला माल कोणत्या विभागात मिळेल, आणि घरफोडीच्या विभागात दंगल वगळलेली आहे का? काच आणि पाटीच्या विभागांना भूकंप व दंगल लागू आहे का? प्रत्येक उत्तरासोबत पॉलिसीतलं कलम सांगावे आणि पूर्ण पॉलिसीची प्रत पाठवावी."

"आधी प्रपोझल फॉर्म भरा, मग सांगतो" असं उत्तर आलं तर फॉर्म भरू नका. पॉलिसीची शब्दरचना बघायला कुणाचा फॉर्म लागत नाही, ती कंपन्यांच्या संकेतस्थळांवर असते. माझ्या अनुभवात तिसऱ्या प्रश्नावर उत्तर रेंगाळतं. शाखेतल्या माणसालाही ते माहीत नसतं, वरच्या कार्यालयाला विचारावं लागतं. दोन-चार दिवस जाऊ द्या, पण फोनवर मिळालेलं उत्तर लेखी उत्तर समजू नका.

एक मुदत लोक चुकीची वाचतात. कोटेशनवर "१५ दिवस वैध" असं काही लिहिलेलं असतं. तेवढे दिवस तो दर टिकतो, विमा सुरू होत नाही. विमा कायद्याच्या ६४ व्हीबी कलमानुसार हप्ता कंपनीकडे पोहोचल्याशिवाय जोखीम तिच्यावर येत नाही. गावात तणाव सुरू झाल्यावर कोटेशन हातात घेऊन धावलेले लोक मी पाहिले आहेत. तोवर कंपनीने नवीन व्यवसाय घेणं थांबवलेलं असू शकतं.

पॉलिसी आली की मेलमधलं उत्तर आणि शेड्यूल, म्हणजे पॉलिसीतलं संरक्षण आणि हप्ता मांडलेलं पान, शेजारी ठेवा. जुन्या धाटणीच्या पॉलिसीत भूकंपाची वेगळी ओळ आणि तिच्यासमोर हप्ता दिसला पाहिजे. ओळ नाही, किंवा समोर शून्य आहे, तर भूकंप नाही, मग एजंट काहीही म्हणो. त्याच दिवशी मेलचा हवाला देऊन दुरुस्तीचं पत्र पाठवा आणि एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीत बदल केल्याचा कंपनीचा कागद, हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.