गांजा आणि वय : ड्युनेडिनपासून सुरू झालेला वाद

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात 1972-73 साली जन्मलेल्या 1,037 मुलांचा तेथील संशोधक आजवर पाठपुरावा करत आले आहेत. ही मुले लहान असताना त्यांच्या बुद्ध्यांकाची अनेकदा नोंद झाली होती आणि अठराव्या वर्षापासून त्यांना गांजाच्या सेवनाविषयी वेळोवेळी विचारले जात होते. त्यामुळे गांजा हाती येण्यापूर्वीची बुद्धी आणि अडतिसाव्या वर्षीची बुद्धी, अशी एकाच माणसाची तुलना शक्य झाली. एरवी सेवन करणारे आणि न करणारे शेजारी उभे करून केलेल्या अभ्यासांत फरक गांजाने पडला की आधीपासूनच होता, हे कळत नाही.

2012 साली मॅडेलिन मायर आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. अठरा वर्षांच्या आत सवय लागून पुढेही गांजावर अवलंबून राहिलेल्यांचा बुद्ध्यांक सुमारे 8 गुणांनी घसरला होता, तर प्रौढपणी सुरुवात करणाऱ्यांमध्ये अशी घसरण आढळली नाही. त्यांना जवळून ओळखणाऱ्यांनीही दीर्घकाळ गांजावर अवलंबून असलेल्यांच्या विसरभोळेपणाची आणि लक्ष न लागण्याची तक्रार नोंदवली. मात्र तीन किंवा अधिक फेऱ्यांत अवलंबित्व आढळलेले लोक अवघे 38 होते, आणि त्यांच्यात किशोरवयीन सुरुवात करणारे त्याहून कमी. आठ गुणांचा आकडा वाचताना हे विसरू नये.

कारण म्हणून मेंदूच्या वाढीकडे बोट दाखवले गेले. गांज्यातील टीएचसी हा घटक मेंदूतील ज्या सीबी1 ग्राहींना चिकटतो, ते आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये आणि नियोजन व संयम सांभाळणाऱ्या कपाळामागच्या भागात मोठ्या संख्येने असतात. हा दुसरा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो.

पुढच्याच वर्षी नॉर्वेचे अर्थतज्ज्ञ ओले रोगेबर्ग यांनी हरकत घेतली: गरीब घरातील मुले शाळा लवकर सोडतात आणि गांजाकडेही लवकर वळतात, म्हणून घसरणीचे कारण परिस्थितीही असू शकते. 2016 साली अमेरिकेतील जुळ्यांच्या अभ्यासाने या शंकेला बळ दिले, कारण एकाने गांजा ओढला आणि दुसऱ्याने नाही अशा भावंडांत बुद्ध्यांकाच्या घसरणीचा लक्षणीय फरक दिसला नाही. माझ्या मते, ड्युनेडिनचा आकडा त्यानंतर निर्विवाद उरला नाही.

तरीही प्रश्न मिटला नाही, कारण बुद्ध्यांक हे फार ढोबळ माप आहे. मॉन्ट्रियल परिसरातील 3,826 शाळकरी मुलांची सातवीपासून सलग चार वर्षे, दरवर्षी चाचणी घेणारा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्याच आधीच्या कामगिरीशी होती. ज्या वर्षी सेवन वाढले, त्याच्या पुढच्या वर्षीही माहिती तात्पुरती मनात धरून तिच्यावर काम करण्याची क्षमता आणि उतावळेपणा आवरण्याची क्षमता कमी दिसली, आणि हा परिणाम दारूपेक्षा ठळक होता. ही घट पुढे प्रौढपणातही टिकते का, हे चार वर्षांचा अभ्यास सांगू शकत नाही.