इन्व्हर्टर, यूपीएस आणि मधले काही मिलिसेकंद

"घरात इन्व्हर्टर बसवला की कॉम्प्युटरला वेगळा यूपीएस लागत नाही."

हे काही घरांत खरे ठरते, म्हणूनच ते टिकून आहे. वीज गेल्यावर इन्व्हर्टरमधला रिले भार बॅटरीकडे वळवतो आणि तेवढा वेळ कॉम्प्युटरला बाहेरून काहीच मिळत नाही. त्या काळात त्याच्या पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरमध्ये साठलेली ऊर्जा कामी येते. पूर्ण भारावर ती साधारण 16 मिलिसेकंद पुरावी, अशी अपेक्षा असते. कॉम्प्युटरसाठीचा साधा यूपीएस बहुधा 10 मिलिसेकंदांच्या आत बदल करतो. इन्व्हर्टरला मात्र, विशेषतः तो 'नॉर्मल' मोडवर असेल तर, याहून बराच जास्त वेळ लागू शकतो. पंख्याला ते जाणवतही नाही, कॉम्प्युटर मात्र रीस्टार्ट होतो.

पुष्कळ इन्व्हर्टरांच्या मागे 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असे बटण असते, आणि बहुतेकांनी ते कधी पाहिलेलेही नसते. यूपीएस मोडवर बदल जलद होतो. मात्र व्होल्टेज थोडे घसरले तरी तो बॅटरीवर जातो, त्यामुळे कमी दाबाच्या विजेत बॅटरी लवकर उतरते.

खात्री करायची तर सगळे काम सेव्ह करून एखादा जड प्रोग्रॅम चालवावा आणि इन्व्हर्टरला वीज देणारा स्विच बंद करावा. एकदा कॉम्प्युटर तगला म्हणून थांबू नये, पाच-सहा वेळा करावे, कारण वीज लहरीच्या कोणत्या क्षणी तुटते यावरही निकाल बदलतो. हलक्या कामात तगणारा कॉम्प्युटर जड कामात रीस्टार्ट झाला, तर यूपीएस हवाच.