पुरुषांचा ‘न दिसणारा’ मेकअप आला कुठून?

टिंटेड मॉइश्चरायझर, फाउंडेशन आणि कन्सीलर या तिन्हींत रंग देणारे पदार्थ जवळजवळ तेच असतात: पिवळा, लाल आणि काळा आयर्न ऑक्साइड, आणि पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड. फरक पडतो तो प्रमाणाचा. टिंटेड मॉइश्चरायझरमध्ये रंग अगदी थोडा असतो, म्हणून त्याखालून मूळ त्वचा, तीळ, दाढीचे खुंट सगळं दिसत राहतं. फाउंडेशनमध्ये तो बराच जास्त आणि कन्सीलरमध्ये सर्वांत दाट असतो. त्यामुळेच कन्सीलर चेहराभर न लावता डागापुरताच लावायचा असतो. गेल्या दीडशे वर्षांत पुरुषांच्या चेहऱ्यावरचा हा रंग पातळ पातळ होत गेला. बघणारा जसजसा जवळ आला, तसतसा रंग कमी करावा लागला.

सुरुवात रंगमंचावर झाली, आणि तीही पुरुषांकडूनच. १८६०च्या दशकात लाइपझिगचा नट कार्ल बाउडिन याची अडचण साधी होती. टोपाची कडा आणि कपाळ यांमधली रेघ प्रेक्षकांना दिसायची. त्याने जस्ताचा सफेदा, पिवडी आणि शेंदरी रंग चरबीत कालवून त्या रेघेवर लावला. पुढे १८७३मध्ये बर्लिनच्या लुडविग लाइखनर या ऑपेरा गायकाने अशा मिश्रणाच्या कांड्या करून विकायला काढल्या. त्यांना क्रमांक असत. इंग्लंडमधल्या नटांच्या कितीतरी पिढ्या पाच नंबरचा हस्तिदंती आणि नऊ नंबरचा विटकरी एकमेकांत मिसळून चेहऱ्याला लावत आल्या. आपल्याकडेही मुर्दाडशिंग फासणाऱ्या तमाशातल्या नटांपासून संगीत नाटकातल्या स्त्रीपार्टी नटांपर्यंत पुरुषाने तोंड रंगवण्यात वावगं कोणाला वाटत नव्हतं. पण तो रंग लांबून बघायचा होता. दिव्यांच्या उजेडात शेवटच्या रांगेतल्या माणसाला चेहरा नीट दिसला की काम झालं.

सिनेमाने हे अंतर मोडलं. क्लोजअपमध्ये कांडीचा जाड थर हसताना तडकलेला दिसायचा. १९१४मध्ये मॅक्स फॅक्टरने लॉस एंजेलिसमध्ये खास सिनेमासाठी पातळ, लवचिक ग्रीजपेंट केलं. १९३७ साली रंगीत चित्रपटांसाठी ओल्या स्पंजने लावायचा ‘पॅन-केक’ आला आणि १९५४मध्ये त्याच कंपनीची ‘इरेस’ ही लिपस्टिकसारखी कांडी, म्हणजे सर्वसामान्यांना दुकानात मिळू लागलेलं एक सुरुवातीचं कन्सीलर. स्टुडिओत नायकालाही हे सगळं लागायचं. स्टुडिओच्या बाहेर मात्र पुरुष ते लावत नसे, निदान लावतो असं सांगत नसे.

पुरुषांचा खरा प्रश्न काय आहे हे जगजाहीर झालं ते २६ सप्टेंबर १९६० रोजी, शिकागोच्या एका दूरचित्रवाणी स्टुडिओत. अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे दोन उमेदवार, जॉन केनेडी आणि रिचर्ड निक्सन, पहिल्यांदाच टीव्हीवर समोरासमोर येणार होते. निक्सन गुडघ्याच्या संसर्गामुळे नुकतेच रुग्णालयात राहून आले होते. वजन उतरलं होतं, चेहरा ओढलेला होता. त्यात त्यांची कातडी गोरी आणि दाढी काळीभोर, म्हणजे सकाळी घोटून केली तरी संध्याकाळी गालावर छाया. केनेडी उन्हात प्रचार करून रापलेले होते. त्यांनी स्टुडिओचा मेकअप नको म्हटलं, आणि मग निक्सननीही नको म्हटलं. त्यांच्या माणसांनी फक्त ‘लेझी शेव्ह’ नावाची, दाढीची छाया झाकणारी पावडर गालांवर लावली. दिवे तापले, घाम फुटला आणि पावडर ओली होऊन चेहरा आणखीच मळकट दिसू लागला. रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकले असं वाटलं, ही दंतकथा सगळीकडे सांगितली जाते. तिला भक्कम पुरावा नाही, त्यामुळे ती बाजूलाच ठेवलेली बरी. चेहऱ्याचं म्हणाल तर चित्रफीत उपलब्ध आहे, कोणीही पाहावी. पुढच्या फेरीला निक्सन व्यवस्थित मेकअप करून आले.

लेझी शेव्ह कुठे चुकली हे नीट पाहण्यासारखं आहे, कारण तीच चूक आजही रोज होते. दाढी केल्यावर केस कातडीच्या वर नसतो, पण त्याचा काळा बुंधा आत असतोच. कातडीतून प्रकाश आत जातो. त्यातला लाल भाग खोलवर जाऊन काळ्या केसात शोषला जातो, निळा भाग वरच्या थरातूनच परत फिरतो, म्हणून छाया निळसर दिसते. हाताची शीर निळी दिसते त्यामागेही हेच. गव्हाळ आणि सावळ्या कातडीवर ही छाया हिरवट किंवा राखी वाटते. तिच्यावर त्वचेच्याच रंगाचा किंवा उजळ थर दिला की निळ्यावर फिकट रंग पडून राखाडी तयार होतं. म्हणून रंगभूषाकार आधी नारिंगी छटेचा पुसट हात देतात, कारण नारिंगी निळ्याला मारतो. गोऱ्या माणसाला पीच पुरतो, आपल्या रंगाला विटकरीकडे झुकलेला नारिंगी लागतो. त्यावर त्वचेच्या रंगाचा कन्सीलर नावापुरता. पावडर शक्यतो नाहीच, कारण ती खुंटांना धरून बसते आणि दुपारपर्यंत प्रत्येक खुंट वेगळा दिसायला लागतो.

टिंटेड मॉइश्चरायझरची दुसरी वाट नाटक-सिनेमातून आली नाही, ती दवाखान्यातून आली. जर्मनीतल्या एसेन शहरात डॉ. क्रिस्टिने श्रामेक या त्वचातज्ज्ञ कातडीचा वरचा थर सोलण्याचे उपचार करत. उपचारानंतर चेहरा लालबुंद होई. रुग्णाला घरी तर जायचं असे, आणि जाड मेकअप ताज्या कातडीला सोसणारा नव्हता. १९६७च्या सुमारास त्यांनी शांतवणारं मलम आणि थोडा रंग एकत्र करून ‘ब्लेमिश बाम’ बनवला. १९८०च्या दशकात तो दक्षिण कोरियातल्या त्वचा-दवाखान्यांत पोचला, तिथून अभिनेत्रींच्या पर्समध्ये, आणि मग बीबी क्रीम या नावाने साऱ्या जगात. झाकायचं थोडं, बरं करायचं जास्त, हा विचार दवाखान्यातूनच आला होता. पुरुषाला तो पचायला सोपा गेला. मेकअप लावला म्हणण्यापेक्षा क्रीम लावलं म्हणणं कुणालाही बरं वाटतं.

कोरियात हा पदार्थ पुरुषांपर्यंत पोचवण्यात एका फुटबॉलपटूचाही हात आहे. २००२च्या विश्वचषकात इटलीविरुद्ध जादा वेळेत निर्णायक गोल करणारा आन जुंग-ह्वान देखणा म्हणून आधीच प्रसिद्ध होता. त्याच सुमारास सोमांग कंपनीने पुरुषांसाठी रंग असलेलं ‘कलर लोशन’ काढलं आणि जाहिरातीत त्याला घेतलं. मैदानात घाम गाळणाराच ते लावतोय म्हटल्यावर बाकीच्यांचा संकोच निम्मा झाला. युरोपात २००३मध्ये ज्याँ पॉल गोतिए या फॅशनकाराने पुरुषांसाठी मेकअपची मालिका काढली होती, ती फारशी चालली नाही. मला विचाराल तर कारण उघड आहे: तिथे मेकअप मिरवायचा होता, कोरियात तो कळूच द्यायचा नव्हता. शनेलने हा धडा घेतलेला दिसतो. ‘बॉय द शनेल’ ही पुरुषांची मालिका २०१८च्या सप्टेंबरमध्ये पॅरिसऐवजी आधी कोरियात आली. तिच्यात तीनच गोष्टी होत्या: चार छटांतलं पातळ रंगीत द्रव, भुवयांची पेन्सिल आणि न चकाकणारा लिप बाम.

चार छटा. इथे आपला प्रश्न सुरू होतो. महाराष्ट्रात पुरुषाच्या चेहऱ्याला काही लावायची रीत जुनीच आहे. मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी १९१९मध्ये ‘अफगाण स्नो’ आणला आणि पुढच्या काळात स्नो-पावडर लावून बाहेर पडणारे बापे घराघरांत होते. पण स्नोमध्ये रंग नव्हता, पावडर पांढरी होती आणि कानामागे तिची रेघ उरायची. २००५मध्ये पुरुषांसाठी आलेलं ‘फेअर अँड हँडसम’सुद्धा गोरेपणच विकत होतं. चेहऱ्याचा आहे तोच रंग सगळीकडे सारखा दिसावा, ही मागणी अगदी वेगळी आहे, आणि ती पुरवणारी उत्पादनं बाजारात उशिरा आली. स्वस्त बीबी क्रीममध्ये टायटॅनियम डायऑक्साइड जास्त आणि आयर्न ऑक्साइड कमी असला की सावळ्या चेहऱ्यावर राख फासल्यासारखी झाक येते. ते लावून लग्नाला गेलेला माणूस फ्लॅशच्या फोटोत मानेपेक्षा दोन छटा पांढरा निघतो.

गेल्या काही वर्षांत डॉक्टरांनीच पुन्हा दिशा बदलली आहे. नुसतं अतिनील किरणांनीच नव्हे, तर दिसणाऱ्या प्रकाशातल्या निळ्या-जांभळ्या भागानेही सावळी कातडी काळवंडते आणि तो काळेपणा बरेच दिवस टिकतो, हे २०१०च्या आसपासच्या अभ्यासांतून पुढे आलं. साधं सनस्क्रीन हा भाग अडवत नाही, आयर्न ऑक्साइड अडवतो. त्यामुळे वांग आलेल्या रुग्णाला, मग तो दिवसभर दुचाकीवर फिरणारा पुरुष असो, टिंटेड सनस्क्रीन लिहून दिलं जातं. त्याला दुकानात जाऊन मेकअप मागावा लागत नाही, चिठ्ठी दाखवली की झालं.

विकत घेताना दोन गोष्टी बघाव्यात. पाकिटावर घटकांमध्ये सीआय ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ हे लाल, पिवळ्या आणि काळ्या आयर्न ऑक्साइडचे क्रमांक असतात, ७७८९१ हा टायटॅनियमचा. टिंटेड म्हणून विकलेल्या ट्यूबवर पहिले तीन नसतील, तर तिच्यातला रंग कशाचा आहे हे दुकानदाराला विचारावं. दुसरं म्हणजे छटा मनगटावर पाहू नये. जबड्याच्या कडेला, मानेला लागून एक रेघ ओढून दुकानाबाहेर उन्हात जावं आणि दहा मिनिटं थांबावं, कारण चेहऱ्याचं तेल मिसळलं की बऱ्याच छटा गडद होतात. पुरुषांची कातडी जास्त तेलकट असते, त्यामुळे हा फरकही जास्त पडतो. रेघ मानेत विरून गेली तर छटा बरोबर. लावायला चेहऱ्याला वाटाण्याएवढं पुरे, दाढीनंतरची आग पूर्ण शमल्यावर, बोटांनी थापत आणि गळ्याकडे पुसट करत. शर्टाची कॉलर मात्र पांढरी असेल तर संध्याकाळी तिच्यावर पिवळसर डाग दिसणारच, त्याला अजून कुणाकडे पक्का उपाय नाही.