ऑक्सिमीटर ९७ दाखवतो, पण श्वास मोजत नाही

रात्री साडेअकराला शेजारच्या मुलाचा फोन आला. "काकू, बाबांना हाक मारली की डोळे उघडतात आणि लगेच मिटतात. घोरणंही नेहमीसारखं नाही. पण ऑक्सिजन ९७ आहे. मग झोपू देऊ ना?"

त्याचे वडील ७४ वर्षांचे. न्यूमोनियातून उठल्यावर घरी कॉन्सन्ट्रेटर आला होता, नाकातल्या नळीतून मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन चालू होता. चार दिवसांपूर्वी बाथरूममध्ये पडून बरगडी मोडली, म्हणून दुखण्यावर ट्रॅमाडॉल सुरू झालं. झोपेसाठीची अल्प्राझोलॅम तर जुनीच. मी भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे ही तीन नावं एकत्र ऐकली की मला आधी श्वास आठवतो. मी त्याला म्हटलं, "बोटावरचं यंत्र राहू दे. बाबांच्या पोटावर तळहात ठेव आणि घड्याळाकडे बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोज." त्याने मोजले. सात.

निवांत पडलेल्या मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतात. मी त्याला तिथल्या तिथे १०८ला फोन करायला लावला. पण यंत्र ९७ दाखवत असताना माणूस इतका संकटात कसा, हा प्रश्न त्याला पडला तसा अनेकांना पडतो.

ऑक्सिमीटर बोटातून दोन प्रकाश पाठवतो, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन आणि रिकामं हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला बोटात येणाऱ्या ताज्या रक्ताची तेवढी लाट वेगळी काढून हिशेब करायचा, ही युक्ती १९७०च्या दशकात जपानच्या ताकुओ आओयागी यांनी शोधली. म्हणून यंत्राला दोनच गोष्टी कळतात: शंभरातलं किती हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलेलं आहे, आणि नाडी. पडद्यावरचा दुसरा आकडा श्वासांचा आहे असं समजणारी कितीतरी घरं मी पाहिली आहेत. तो नाडीचा असतो.

आता ज्या हिशेबासाठी हा लेख लिहायला घेतला, तो बघू. फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांमध्ये जागा मर्यादित असते आणि तिथे ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड दोघांनाही राहायचं असतं. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याचे ७६० मिलिमीटर. त्यातले ४७ पाण्याच्या वाफेचे, उरले ७१३. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे त्याच्या वाट्याला सुमारे १५०. रक्तातून येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा दाब ४०, तो ०.८ने भागून वजा करायचा, म्हणजे ५०. पिशवीत ऑक्सिजन उरला १००. एवढ्यावर निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन ९७-९८ टक्के भरतं.

गोळ्यांमुळे पिशव्यांपर्यंत पोहोचणारी हवा निम्मी झाली तर? शरीर कार्बन डायऑक्साइड पूर्वीइतकाच तयार करतं, पण तो निम्म्या वेगाने बाहेर पडतो. त्यामुळे तो साचत जातो आणि शेवटी दाब दुप्पट, ८० होतो. आता वजाबाकी १००ची. साध्या हवेत ऑक्सिजन उरला फक्त ५०, आणि यंत्र ८०च्या आसपास किंवा त्याखाली उतरतं. कुणाच्याही लक्षात येईल असा आकडा.

आता याच माणसाच्या नाकाला दोन लिटरची नळी लावा. त्याच्या श्वासात ऑक्सिजन साधारण २८ टक्के होतो. ७१३चे २८ टक्के म्हणजे सुमारे २००. त्यातून १०० वजा, उरले १००. निरोगी माणसाकडे जेवढा होता, नेमका तेवढाच! म्हणून यंत्र ९७ दाखवतं. त्यात श्वास मंद झाला की तेच दोन लिटर कमी हवेत मिसळतात, त्यामुळे ऑक्सिजनचा वाटा २८ टक्क्यांच्याही वर जातो. श्वास जितका घसरतो, तितकी नळी ती घसरण जास्त झाकते. आजारी फुप्फुसात हे आकडे थोडे वेगळे येतील, पण दिशा हीच.

यंत्राने आकडा चुकीचा दाखवलेला नसतो. ऑक्सिजन खरोखर पुरेसा असतो. साचलेला असतो कार्बन डायऑक्साइड, आणि तो बोटावरच्या यंत्राला दिसत नाही. दाब ८० झाला की रक्त आम्लधर्मी होतं आणि माणसावर गुंगी चढते. त्या गुंगीने श्वास आणखी मंदावतो. एरवी हा वायू वाढला की मेंदू श्वासाचा वेग वाढवतो, पण ट्रॅमाडॉलसारखी अफूच्या कुळातली औषधं मेंदूची हीच जाणीव बोथट करतात. अल्प्राझोलॅम आणि दारू त्यात भर घालतात. अशा औषधांच्या जोडीवर अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०१६ साली सर्वांत कडक इशारा छापायला लावला, तो याचसाठी.

बाहेरून ऑक्सिजन चालू नसेल तर घरचं यंत्र खरंच उपयोगी पडतं, मात्र सूचना उशिरा देतं. हवा एक तृतीयांशाने घटली की कार्बन डायऑक्साइड ६०वर जातो आणि यंत्र ९२-९३ दाखवतं. घरच्यांना ते "थोडं कमी" वाटतं. बोट थंड असेल तर रक्तातला बदल तिथे पोहोचायलाच अर्धा मिनिट किंवा जास्त लागतं. सावळ्या त्वचेवर काही यंत्रं खऱ्यापेक्षा जास्त आकडाही दाखवतात.

आणखी एक गोष्ट मी वॉर्डमध्ये अनेकदा पाहिली आहे. यंत्र लावायला बोट धरलं, "आजोबा, जरा हात द्या" म्हटलं, की झोपलेला माणूस चाळवतो आणि चार मोठे श्वास घेतो. आकडा चढतो. आपण निश्चिंत होऊन वळतो आणि श्वास पुन्हा पहिल्यासारखा होतो. म्हणून आधी हात न लावता छातीकडे बघून श्वास मोजावेत, यंत्र नंतर. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नये. गोळ्यांच्या गुंगीत श्वास एकसारखे पडत नाहीत, मध्ये मोठे खंड पडतात. श्वास किती खोल आहे तेही बघावं, कारण प्रत्येक श्वासातली सुमारे १५० मिलिलिटर हवा नळ्यांमध्येच राहते. उथळ श्वास संख्येने बरे असले तरी पिशव्यांपर्यंत फार कमी पोहोचतात.

२०२१च्या कोविडच्या लाटेत कापूर, ओवा आणि लवंगेची पुरचुंडी हुंगून ऑक्सिजन वाढतो असा संदेश घरोघरी फिरला. कापराच्या वासाने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, हिमोग्लोबिनवर त्याचा काही परिणाम होत नाही. गुंगीतल्या माणसाच्या नाकाशी पुरचुंडी धरण्यात जी मिनिटं जातात, ती त्याच्या हक्काची असतात.

मिनिटाला आठ किंवा कमी श्वास, घशात घरघर, मोठ्याने हाक मारून आणि खांदा हलवूनही नीट जाग न येणं, ओठ निळसर पडणं, यातलं एकही दिसलं तर पडद्यावर काहीही असो, १०८ला फोन करावा. माणसाला कुशीवर वळवावं, हाका मारत राहावं, श्वास घ्यायला सांगावं. पुढची गोळी देऊ नये. ऑक्सिजन आपल्या मनाने बंद करू नये किंवा वाढवू नये.

त्या रात्री रुग्णवाहिका येईपर्यंत मुलगा फोनवर होता आणि दर काही सेकंदांनी "बाबा, श्वास घ्या" म्हणत होता. इस्पितळात धमनीच्या रक्ताची तपासणी झाली, कार्बन डायऑक्साइड ७८ निघाला. अफूच्या कुळातल्या औषधांचा परिणाम उतरवणारं नॅलोक्सोनचं इंजेक्शन आणि मुखवट्याचं श्वासयंत्र यांवर काकांना पहाटेपर्यंत नीट जाग आली. बोटावरचा आकडा तोपर्यंत एकदाही ९५च्या खाली गेला नव्हता.