फुगलेलं आतडं, चपटं आतडं आणि मधली जागा

तासगावकडच्या द्राक्षबागेत चालू लपेटा पाइपावर कुणी पाय दिला, की मोटारीकडचा भाग टम्म होतो आणि पुढचा चपटा पडतो. लहान आतड्यातला अडथळा सीटी स्कॅनवर आम्ही असाच ओळखतो. फक्त हा पाइप काही मीटर लांबीचा असतो आणि पोटात वेटोळी घालून बसलेला असतो.

मध्यंतरी सांगलीत माझ्याकडे 52 वर्षांच्या एक बाई आल्या. दोन दिवस हिरव्या उलट्या, पोट फुगलेलं, वारा सरत नव्हता. बारा वर्षांपूर्वी गर्भपिशवी काढलेली. ‘‘गॅस झालाय ओ,’’ असं त्यांचे यजमान सांगत होते.

त्यांना पिण्याचं औषध न देता फक्त शिरेतून औषध देऊन स्कॅन केला. अडकलेलं पाणी आतड्यात आधीच भरलेलं असतं, ते करडं दिसतं आणि शिरेतल्या औषधानं आतड्याची भिंत उजळते. लहान आतड्याची रुंदी साधारण अडीच-तीन सेंटिमीटरच्या वर गेली, की ते फुगलं असं धरतात. इथं ती 3.6 होती.

पण नुसत्या फुगण्यावर भरवसा ठेवू नये. ऑपरेशननंतर किंवा रक्तातलं पोटॅशियम घटलं, तरी आतडं सुस्तावून फुगतं. तेव्हा मोठं आतडंही बहुतेक वेळा फुगतं आणि फुगीर-चपटं अशी सीमा सापडत नाही. म्हणून ती सीमा शोधायची. मी शोध उलट बाजूनं सुरू करतो. फुगलेल्या वेटोळ्यांच्या गर्दीत वाट हमखास चुकते. उजवीकडे खाली, जिथं लहान आतडं मोठ्याला मिळतं, ती जागा मात्र सहसा सापडते. तिथून एकेक चित्र सरकवत मागं गेलो. आतडं बोटाएवढं, रिकामं. ओटीपोटात ते एकाएकी चोचीसारखं निमुळतं झालं आणि पलीकडे फुगवटा. त्या फुगवट्यात शेणासारखा, हवेचे बुडबुडे मिसळलेला गाळ होता. माल तिथं तुंबून राहिल्याची ही खूण अडथळ्याची जागा पक्की करायला मदत करते.

जांघेत हर्निया नव्हता, गाठ नव्हती. मग उरली जुन्या ऑपरेशनची चिकटण, म्हणजे जखम भरताना पोटात तयार होणारा धागा. तिचा धागा स्कॅनवर बहुधा दिसतच नाही. बाकी कारणं वगळून तिच्यावर यावं लागतं. आणखी एक गोष्ट: स्कॅन फार लवकर झाला, तर पुढचं आतडं अजून रिकामं झालेलं नसतं आणि चित्र फसवं दिसतं.

शेवटी मी शेजारी दुसरी चोच आहे का, ते पाहिलं. एकच वेटोळं दोन्ही टोकांना आवळलं गेलं, तर त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. भिंत उजळत नाही, भोवतीची चरबी धूसर होते. मग सर्जनला लगेच फोन करावा लागतो. बाईंच्या स्कॅनमध्ये यातलं काहीच नव्हतं. रिपोर्टमध्ये तेही लिहिलं. सर्जननी नाकातून नळी घातली, सलाइन लावलं आणि पोट वारंवार तपासत राहिले. तिसऱ्या दिवशी वारा सरला.