राउटरमधलं 192.168 आलं कुठून आणि ते आहे तसं का राहू द्यावं

गेल्या दिवाळीत सांगलीहून बहिणीचा फोन, "दादा, घरातले कॅमेरे मोबाईलवर दिसेनात, प्रिंटरपण ऑफलाईन दाखवतोय, पण नेट एकदम झकास चालू आहे." नेट चालू आणि घरातल्याच दोन वस्तू गायब म्हटल्यावर मला वास आला, विचारलं भाऊजींनी राउटरमध्ये काही केलंय का. केलं होतं. कुठल्यातरी व्हिडिओत सांगितलं होतं की 192.168.1.1 हा पत्ता सगळ्या जगाला माहीत असतो, हॅकर तिथूनच शिरतात, म्हणून तो बदलून टाका. भाऊजींनी लॅन सेटिंगमध्ये जाऊन 192.168.50.1 टाकलं, सेव्ह केलं आणि दिवाळीच्या फराळाला बसले.

आता हा 192.168 सगळ्यांच्या घरात सारखाच का, इथून सुरुवात करू, कारण व्हिडिओवाल्याची चूक तिथेच आहे.

इंटरनेटचे जे पत्ते आपण आजही वापरतो ते आयपी व्हर्जन ४ चे, १९८१ साली ठरलेले. एकूण पत्ते साधारण ४२९ कोटी. तेव्हा नेटवर जेमतेम काही विद्यापीठं, प्रयोगशाळा आणि लष्करी कंप्युटर होते त्यामुळे एवढे पत्ते म्हणजे कधीच न संपणारं धान्याचं कोठार वाटलं असणार, आणि वाटलेही तसेच सढळ हाताने, एकेका संस्थेला १ कोटी ६७ लाख पत्त्यांचा अख्खा गठ्ठा. नव्वदच्या सुरुवातीला लक्षात आलं की हे असं चाललं तर पुरणार नाही. दुसरी गंमत म्हणजे ज्या कंपन्या इंटरनेटला जोडलेल्याच नव्हत्या त्या ऑफिसातल्या ऑफिसात मनाला येईल तो पत्ता वापरायच्या, आणि पुढे खरंच इंटरनेटला जोडायची वेळ आली की तो पत्ता दुसऱ्याच कुणाच्या नावावर निघायचा.

म्हणून मार्च १९९४ मध्ये आरएफसी १५९७ नावाचा कागद निघाला, इंटरनेट कसं चालावं हे लिहिलेल्या कागदांना आरएफसी म्हणतात. त्यात तीन पट्टे बाजूला काढले आणि सांगितलं की हे कुणाच्याच मालकीचे नाहीत, आपापल्या चार भिंतींत कुणीही वापरा, फक्त बाहेर सोडू नका. सगळ्यांना हे पटलं नव्हतं बरं का, जुलैमध्ये लगेच विरोधात दुसरा कागद आला, त्यांचं म्हणणं की प्रत्येक पत्ता जगात एकच असला पाहिजे, उद्या दोन कंपन्या एकत्र आल्या तर दोघींचे आतले पत्ते आपटतील. (हे म्हणणं खरं निघालं, शेवटी येतोच त्यावर.) फेब्रुवारी १९९६ मध्ये सुधारलेला आरएफसी १९१८ आला आणि तोच आजही चालतो. ते तीन पट्टे असे:

```
10.0.0.0    ते 10.255.255.255
172.16.0.0  ते 172.31.255.255
192.168.0.0 ते 192.168.255.255
```

यातला 10 वाला पट्टा आधी इंटरनेटच्या आजोबांचा, म्हणजे अर्पानेटचा होता, ते १९९० मध्ये बंद झालं आणि नंबर मोकळा राहिला. 192.168 हा सगळ्यात छोटा, पण त्याचेही २५६ तुकडे पडतात आणि एकेका तुकड्यात २५४ वस्तूंना जागा. घराला एक तुकडा म्हणजे डोक्यावरून पाणी. म्हणून राउटर बनवणारे त्यातलाच एखादा तुकडा आधीच भरून देतात, कुणी 0 वाला, कुणी 1 वाला, जिओफायबरवाल्यांकडे 29 वाला दिसेल.

पण आतला पत्ता बाहेर चालत नाही तर मग नेट चालतं कसं? त्याचं उत्तर मे १९९४ च्या नॅटमध्ये आहे. राउटर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मागणीवर आतला पत्ता पुसून स्वतःचा बाहेरचा पत्ता लिहितो, वहीत नोंद ठेवतो, उत्तर आलं की नोंद बघून बरोबर त्या मोबाईलला देतो. मूळ कागदात हा तात्पुरता उपाय म्हटलंय, तीस वर्षं झाली, चालूच आहे.

आता व्हिडिओवाल्याकडे येऊ. बाहेरच्या माणसाला तुमचा 192.168.1.1 माहीत असून उपयोग शून्य, इंटरनेटवर त्या पत्त्याकडे जाणारा रस्ताच नसतो. आणि जो तुमच्या वायफायवर आत आलाय त्याला नवा पत्ता फोनच्या वायफाय डिटेल्समध्ये आयता दिसतो. एवढं मात्र खरं की काही लबाड वेबपेजं तुमच्याच ब्राउझरकडून नेहमीच्या पत्त्यांवर admin/admin मारून बघतात, पण त्याला औषध म्हणजे राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदलणं. स्पीडचा तर काडीचा संबंध नाही.

भाऊजींच्या घरी नक्की काय झालं ते सांगतो. मोबाईल, टीव्ही, लॅपटॉप यांना पत्ता राउटरच देतो, त्यामुळे राउटर रीस्टार्ट झाल्यावर त्यांना गुपचूप 50 वाले पत्ते मिळाले आणि नेट सुरू. पण कॅमेऱ्याच्या डीव्हीआरमध्ये बसवणाऱ्या पोराने पत्ता हाताने टाकला होता, 192.168.1.240, आणि गेटवे 192.168.1.1. तो बिचारा अजून जुन्याच दाराशी उभा, दार तिथून हललेलं. प्रिंटरला नवा पत्ता मिळाला होता पण लॅपटॉप कागद जुन्या पत्त्यावरच पाठवत होता.

उपाय पाच मिनिटांचा, पण एका ठिकाणी लोक घाबरतात. भाऊजींना फोनवरून 192.168.50.1 उघडायला लावलं, लॅनमध्ये परत 192.168.1.1 टाकलं, मास्क 255.255.255.0 तसाच, आणि खाली डीएचसीपीची, म्हणजे राउटर वस्तूंना जे पत्ते वाटतो त्यांची, सुरुवात-शेवटही 192.168.1 मध्येच आहेत ना ते बघितलं. सेव्ह दाबलं की पान गोल गोल फिरत राहतं, कारण ज्या पत्त्याशी बोलत होता तोच आता नाहीये. बिघडलेलं काही नसतं, वायफाय बंद-चालू करायचं आणि 192.168.1.1 वर जायचं. इथेच लोक टाचणी घेऊन रीसेटचं बटण दाबतात आणि त्यात नेटचं युजरनेम-पासवर्डही उडालं की मग केबलवाल्याच्या मागे फिरा.

याहून वाईट चूक म्हणजे तीन पट्ट्यांच्या बाहेरचा नंबर टाकणं. 192.169 किंवा 172.40 दिसायला भाऊबंदच, पण हे बाहेरचे खरे पत्ते, कुणाच्या तरी मालकीचे. घरात ते टाकले तर तेवढ्या पत्त्यांवरच्या साईट तुमचा लॅपटॉप घरातच शोधत बसणार, बाकी नेट चालू आणि एखादीच साईट उघडत नाही, कारण सापडता सापडत नाही.

बदलायची खरी गरज एकाच प्रकारात पडते, त्या १९९४ च्या विरोधकांनी सांगितलेल्या. घरात 192.168.1 आणि ऑफिसातही 192.168.1 असेल तर घरून ऑफिसच्या नेटवर्कात नेणारं व्हीपीएन जोडलं जातं, हिरवं दिसतं, पण ऑफिसचा सर्व्हर 192.168.1.20 उघडायला गेलं की लॅपटॉप तो घरातच शोधतो आणि समोर येतं आपल्याच प्रिंटरचं पान. नेट देणाऱ्या कंपनीच्या राउटरमागे दुसरा राउटर लावला आणि दोघांचा तुकडा एकच निघाला तरी असाच गोंधळ. तेव्हा फक्त तिसरा आकडा बदलायचा, उदाहरणार्थ 192.168.77.1, पण त्याआधी हाताने पत्ता टाकलेल्या घरातल्या वस्तू कागदावर लिहून काढायच्या. भाऊजींकडे अशी वस्तू एकच होती, डीव्हीआर, आणि तिचा पासवर्ड कुणालाच आठवत नव्हता, म्हणून तर राउटरच परत मागे न्यावा लागला.